जमा झालेले साडेचार लाख

वामनरावांची पेन्शन खरोखरच थांबली होती. "इतका शिकलेला माणूस फसला कसा?" असं विचारणारे हे नेमकं विसरतात. फोनवरच्या माणसाचं पहिलं वाक्य सोळा आणे खरं होतं. खोटं त्याच्या पुढे सुरू झालं, आणि तेही अशा जागी की जिथे वामनरावांचा आयुष्यभराचा अनुभव त्यांच्याच विरोधात गेला.

माणसं आणि रकमा या प्रकरणापुरत्या रचलेल्या आहेत. रीत, कायदा आणि कार्यालयांतली वाट मात्र जशी आहे तशीच ठेवली आहे.

वामनराव तहसील कार्यालयातून अव्वल कारकून म्हणून २०१९ च्या मे अखेर निवृत्त झाले. यवतमाळ जिल्ह्यात, दारव्हा-दिग्रसकडच्या एका गावात घर, चार एकर कोरडवाहू जमीन, मुलगा पुण्याला, मुलगी नागपूरला. नोकरीची बरीच वर्षं आस्थापना आणि लेखा या दोन टेबलांवर गेली. पगाराची देयकं करणं, उपकोषागारात नेऊन टोकन घेणं, आक्षेप लागून परत आलेलं देयक दुरुस्त करून पुन्हा सादर करणं, हे सगळं त्यांनी हातानं केलेलं. त्यामुळे गावातल्या कुणाचीही पेन्शन अडली की लोक त्यांच्या ओट्यावर येत. निवृत्तीच्या वेळी मिळालेलं उपदान, म्हणजे ग्रॅच्युइटी, आणि अंशराशीकरणाची, म्हणजे पेन्शनचा काही भाग एकरकमी घेतल्याची रक्कम घर दुरुस्तीत आणि मुलीच्या लग्नाच्या कर्जात गेली. उरलेल्या पाच लाखांची त्यांनी पेन्शनच्याच बँकेत मुदत ठेव केली. पावती लोखंडी कपाटात, पीपीओच्या म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाच्या फाईलमध्ये.

राज्य शासनाच्या पेन्शनधारकाला दर नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला द्यावा लागतो. कोषागाराकडून बँकेच्या शाखेत याद्या येतात, आपल्या नावासमोर सही किंवा अंगठा करायचा, आणि शाखा ती यादी परत पाठवते. त्या नोव्हेंबरात वामनराव नागपूरला मुलीकडे होते, मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी. एका डोळ्याची झाली, मग दुसऱ्याची. परत आले तेव्हा यादी गेलेली होती. जानेवारी उजाडला आणि डिसेंबरची पेन्शन आली नाही. शाखेत विचारलं तर उत्तर मिळालं, "याद्या ट्रेझरीले गेल्या ना काकाजी, आता तिकडंच जा लागते." तालुक्याला जायचं ठरलं होतं, पण तूर सोंगून पडली होती, थ्रेशरचा नंबर लागला होता आणि मजुरांचे पैसे द्यायचे होते. आज-उद्या करत चोवीस तारीख आली.

२४ जानेवारी, शुक्रवार. संध्याकाळचे चार वाजून चाळीस मिनिटं.

"नमस्कार साहेब, जिल्हा कोषागारातून बोलतोय, पेन्शन शाखा." आवाज तिशीतला, भाषा कार्यालयीन, घाई नाही. त्यानं वामनरावांचं पूर्ण नाव सांगितलं, निवृत्तीची तारीख सांगितली आणि पीपीओ क्रमांक सावकाश वाचून दाखवला. मग म्हणाला, "हयातीचा दाखला प्राप्त नसल्यामुळे आपली पेन्शन थांबवण्यात आलेली आहे. आज शेवटची यादी सोडतोय. डिसेंबरची पेन्शन आणि सातव्या वेतन आयोगाच्या थकबाकीचा राहिलेला फरक, दोन्ही एकत्र रिलीज करायचे आहेत."

पीपीओ क्रमांक ऐकला आणि वामनरावांचा अर्धा संशय गेला. हा क्रमांक काही तिजोरीत नसतो. तो याद्यांवर असतो, त्या याद्या महिनाभर बँकेच्या काउंटरवर पसरलेल्या असतात. झेरॉक्सच्या दुकानात, मेडिकल बिलाच्या प्रस्तावात, संघटनेच्या व्हॉट्सअॅप गटात टाकलेल्या फोटोत, कुठेही तो सापडतो. पण ज्याच्याकडे तो आहे त्याला तो आपल्या घरातली गोष्ट वाटतो, आणि परक्यानं सांगितला की परका आपला वाटायला लागतो.

तरी वामनराव जुने कारकून. त्यांनी परीक्षा घेतली. "देयकाचा टोकन नंबर काय आहे?" त्यानं न अडखळता पाच आकडी नंबर सांगितला. वामनरावांनी तो कॅलेंडरच्या मागे लिहूनही घेतला.

प्रश्न बरोबर होता, पण परीक्षा चुकीची होती. टोकन नंबर खरा की खोटा हे घरबसल्या तपासायचं कसं? पाच आकडे कुणीही सांगू शकतो. परीक्षा घ्यायची तर ज्याचं उत्तर आपल्याजवळ आहे आणि समोरच्याजवळ नसावं असं काही विचारावं लागतं. त्याहून सोपी वाट म्हणजे फोन ठेवून आपल्या वहीतल्या नंबरवर स्वतः फोन करणं. शुक्रवारी पावणेपाचला उपकोषागार उघडंच होतं. पाच दिवसांचा आठवडा झाल्यापासून राज्य शासनाची कार्यालयं सव्वासहापर्यंत चालतात, हे वामनरावांना कुणी सांगायची गरज नव्हती. त्यांच्या हाताखाली शिकलेला एक जण तिथं बसत होता, आणि त्याचा नंबर फोनमध्ये होता.

शुक्रवारही उगाच निवडलेला नव्हता. दुसऱ्या दिवशी चौथा शनिवार, म्हणजे बँक बंद. त्यानंतर रविवार, तोही २६ जानेवारी. फोन झाला तेव्हा शाखेचा दरवाजा लोकांसाठी बंद झालेला होता आणि तो सोमवारीच उघडणार होता.

आधी खाते क्रमांक आणि आयएफएससी विचारला. वामनरावांनी दिला. इथवर काही बिघडलं नव्हतं. खाते क्रमांक आणि आयएफएससी एवढ्यावर कुणाला पैसे काढता येत नाहीत, फक्त टाकता येतात. मात्र संशय यायची जागाही हीच होती. विदर्भातल्या राज्य पेन्शनधारकांची प्रकरणं नागपूरच्या महालेखापाल कार्यालयात मंजूर होतात, तिथून आदेश कोषागाराकडे येतो. पहिल्या वेळी ओळख तपासणीला बोलावतात तेव्हाच खात्याचा तपशील नोंदवला जातो, आणि दर महिन्याची पेन्शन त्याच नोंदीवरून जमा होते. पाच वर्षं ज्या खात्यात पैसे टाकले त्याचा नंबर कोषागारानं सहाव्या वर्षी फोन करून विचारायचं काही कारण नाही. गावातल्या दुसऱ्या कुणाला असा फोन आला असता तर वामनरावांनीच हे त्याला समजावून सांगितलं असतं.

मग एटीएम कार्डावरचे सोळा आकडे, मुदत आणि मागचे तीन आकडे. "पेन्शन खात्याशी कार्ड जोडलेलं आहे का, ते पडताळायचं आहे." पिन मागितला नाही. उलट तोच म्हणाला, "पिन कुणालाही सांगू नका साहेब, आम्हालाही नको." बँकांनी, पोलिसांनी, वर्तमानपत्रांनी इतकी वर्षं एकच वाक्य लोकांच्या डोक्यात बसवलं आहे की पिन सांगू नका. तो वामनरावांनी सांगितला नाही. पाळायचा तो नियम पाळला, असं त्यांना वाटलं.

शिवाय मनात एक हिशेब होता, तो त्यांनी नंतर मुलाला सांगितला. "खात्यात होते अठरा हजार चारशे. नेऊन नेऊन काय नेला असता?"

त्या हिशेबात मुदत ठेव नव्हती. तिची पावती तर कपाटात होती.

फोन स्पीकरवर होता. सुमनबाई तूर पाखडता पाखडता ऐकत होत्या. पहिला मेसेज आला, सहा आकडे. "तेवढे आकडे वाचा." शस्त्रक्रियेनंतरचा नवा चष्मा अजून यायचा होता, बारीक इंग्रजी अक्षरं पुसट दिसत होती, आकडे मात्र मोठे होते. मेसेजच्या पहिल्या ओळीत लिहिलं होतं की हा ओटीपी इंटरनेट बँकिंगच्या नोंदणीसाठी आहे, कुणाला सांगू नका. वामनरावांनी फक्त आकडे वाचले. थोड्या वेळानं दुसरा मेसेज आला, पुन्हा सहा आकडे.

आणि तिसरा मेसेज ओटीपीचा नव्हता. खात्यात ४,५०,००० रुपये जमा झाल्याचा होता.

"आले का साहेब?" फोनवरच्यानं विचारलं.

"आले ना बाप्पा," सुमनबाईच बोलल्या. "पण इतके कायचे?"

इथे या प्रकरणाचा सांधा आहे. फोनवरचा माणूस क्षणभर गप्प झाला आणि मग त्याचा आवाज बदलला. "अरे बापरे. साहेब, गडबड झाली. आपला फरक पंच्याऐंशी हजारांचा आहे. दुसऱ्या कुणाची रक्कम आपल्या खात्यात गेली. जादा प्रदान झालंय."

जादा प्रदान. या दोन शब्दांनी सरकारी कारकुनाच्या पोटात काय होतं ते त्या टेबलावर बसलेल्यालाच कळेल. लेखापरीक्षणात जादा प्रदान निघालं की आक्षेप येतो, आक्षेप आला की वसुली निघते, आणि वसुलीचा कागद वर्षानुवर्षं माणसाचा पाठलाग करतो. वामनरावांनी स्वतः लोकांच्या पेन्शनमधून अशी वसुली लावलेली होती. एका शिपायाचं दहा वर्षांपूर्वी चुकलेलं वेतननिश्चितीचं प्रकरण त्याच्या निवृत्तीच्या वेळी उघडलं आणि उपदानातून कापून गेलं, ते त्यांना आठवलं. समोरचा म्हणत होता, "आजच्या आज वळते केले तर प्रकरण इथंच मिटेल. नाहीतर सोमवारी तुमच्या नावानं वसुली आदेश काढावा लागेल, माझ्यावरही कारवाई होईल. तीन भागांत परत घेतो. तीन नंबर येतील, तेवढे सांगा."

आता वामनराव पैसे मिळवायच्या लोभात नव्हते. सरकारचे पैसे सरकारला परत करायच्या घाईत होते. तीन ओटीपी त्यांनी स्वतः मागून मागून वाचले, एकात एक आकडा चुकला तर पुन्हा वाचला. पाच वाजून सहा मिनिटांनी फोन संपला. "सोमवारी अकरा वाजता पंच्याऐंशी हजार जमा होतील. तोवर मोबाईल बंद-चालू करू नका," असं तो शेवटी म्हणाला.

मधल्या सव्वीस मिनिटांत बँकेच्या बाजूनं काय झालं ते उलगडून सांगायला हवं, कारण ते पासबुकात सरळ दिसत नाही.

वामनरावांनी कधी इंटरनेट बँकिंग घेतलंच नव्हतं, आणि हीच अडचण ठरली. ज्यानं घेतलेलं नाही त्याच्या नावानं ते पहिल्यांदा सुरू करता येतं, आणि अनेक बँकांत त्यासाठी शाखेत जावं लागत नाही. खाते क्रमांक, कार्डाचा तपशील आणि नोंदलेल्या मोबाईलवरचा ओटीपी एवढं पुरतं. टप्पे बँकेबँकेत थोडे वेगळे असतात, कुठे कार्डाचा पिनही लागतो, इथे लागला नाही. पहिल्या ओटीपीनं परक्या माणसानं वामनरावांच्या नावाचा वापरकर्ता तयार केला आणि पासवर्ड स्वतःच्या मनासारखा ठेवला. आत गेल्यावर त्याला बचत खात्यातले अठरा हजार दिसले, आणि खाली पाच लाखांची मुदत ठेव दिसली.

ठेव मोडायची त्याला गरज नव्हती. ठेवीवर ऑनलाइन ओव्हरड्राफ्ट मिळतो, म्हणजे ठेव तारण ठेवून बँक तिच्या काही टक्क्यांपर्यंत कर्ज देते. अनेक बँका नव्वद टक्के देतात. त्यासाठी ना जामीनदार, ना शाखेत सही, ना पावती जमा करणं. दुसरा ओटीपी या कर्जाचा होता. पाच लाखांचे नव्वद टक्के, साडेचार लाख, बँकेनं त्यांच्याच नावानं कर्ज दिलं आणि त्यांच्याच बचत खात्यात टाकलं. तोच तो जमा झाल्याचा मेसेज. मेसेज खरा होता, पैसे खरे होते, फक्त देणारं कोषागार नव्हतं. ते वामनरावांचं स्वतःचं कर्ज होतं.

उरलेल्या तीन ओटीपींनी दोन लाख, दोन लाख आणि पासष्ट हजार असे तीन वेळा पैसे तीन वेगवेगळ्या खात्यांत गेले. साडेचार लाख कर्जाचे आणि पंधरा हजार बचतीतले, एकूण ४,६५,०००. खात्यात उरले ३,४००. कपाटातली पावती मात्र होती तशीच होती, पाच लाखांची, शाखाधिकाऱ्याच्या सहीची.

इथे एक साधा भेद लक्षात ठेवण्यासारखा आहे. खात्यात पैसे यायला खातेदाराच्या मोबाईलवर बँकेचा ओटीपी येत नाही. पेन्शन, महागाई वाढ, थकबाकी, परतावा, काहीही जमा होताना बँक खातेदाराला काही विचारत नाही, जमा झाल्यावर कळवते. बँकेचा ओटीपी आला याचा अर्थ खात्यातून काही जातंय, किंवा खात्याची किल्ली कुणाला तरी दिली जातेय. (ऑनलाइन हयातीचा दाखला काढताना, म्हणजे जीवन प्रमाण करताना, मोबाईलवर एक ओटीपी येतो हे खरं. पण तो बँकेकडून येत नाही, आणि त्या वेळी आपण स्वतः केंद्रात बसलेलो असतो किंवा स्वतः अॅप उघडलेलं असतं.) चुकून जमा झालेले पैसे परत करायचे असले तरी ते फोनवर आकडे वाचून परत जात नाहीत. कोषागारानं खरंच जादा रक्कम टाकली तर ते लेखी कळवतं आणि पुढच्या पेन्शनमधून हप्त्यानं कापतं किंवा चलनानं भरायला सांगतं. वामनरावांनी हे सगळं स्वतः केलेलं होतं. अशा फोनची रचनाच अशी असते की माणसाला आपलं ज्ञान आठवायला उसंत मिळू नये.

संशय आला तो सुमनबाईंना. साडेसहाला त्या म्हणाल्या, "अहो, सरकारचे पैसे घ्याले कोणी फोन करते काय? नोटीस येते ना घरी." वामनराव आधी चिडले. मग सेतू केंद्र चालवणाऱ्या शेजारच्या पोराकडे फोन घेऊन गेले. त्यानं मेसेज वरून खाली वाचत आणले आणि विचारलं, "काकाजी, तुम्ही आज ठेवीवर लोन घेतलं काय?"

पुढचा पाऊण तास त्या पोराचा. त्यानं सातच्या सुमारास १९३० लावला. हा गृह मंत्रालयाचा आर्थिक सायबर फसवणुकीचा मदत क्रमांक आहे. पहिल्या दोन वेळा लागला नाही, तिसऱ्यांदा लागला. पलीकडच्यानं विचारलं ते असं: बँक कोणती, खाते क्रमांक, किती वाजता किती रक्कम गेली, आणि प्रत्येक व्यवहाराचा संदर्भ क्रमांक. हा संदर्भ क्रमांक पैसे गेल्याच्या मेसेजमध्ये असतो. बरेच लोक घाबरून किंवा रागानं असे मेसेज पुसून टाकतात, आणि मग सगळं अडतं. वामनरावांचे तिन्ही मेसेज जागेवर होते. तक्रार नोंदली गेली तेव्हा ७ वाजून २० मिनिटं झाली होती. पोचक्रमांक आला, आणि त्याच रात्री cybercrime.gov.in वर बाकीचा तपशील भरून तक्रार पूर्ण केली. बँकेच्या मदत क्रमांकावर फोन करून कार्ड आणि इंटरनेट बँकिंग दोन्ही बंद केलं, आणि तिथलाही तक्रार क्रमांक लिहून घेतला.

१९३० वर तक्रार गेली की ती पैसे जिथून गेले त्या बँकेकडे जाते. ती बँक पाहते की रक्कम कुठल्या खात्यात गेली, आणि पुढच्या बँकेला कळवते. पैसे तिथे असतील तर ते त्या खात्यात गोठवले जातात. पुढे गेले असतील तर तक्रार त्यांच्या मागे पुढच्या बँकेत जाते. रोख काढले गेले की पाठलाग संपतो. त्यामुळे सगळा खेळ वेळेचा असतो, आणि पोलीस ठाण्यात जाऊन बसण्यापेक्षा आधी फोन करणं बरं असतं. पहिले दोन लाख निघून गेले होते. दुसऱ्या दोन लाखांतले बासष्ट हजार गेले, एक लाख अडतीस हजार अडकले. तिसऱ्या खात्यातले पासष्ट हजार सगळे अडकले, ते बहुधा शेवटी गेले म्हणून. एकूण २,०३,००० रुपये गोठले. फोन साडेपाचला केला असता तर आकडा वेगळा निघाला असता, एवढंच म्हणता येईल.

गोठले म्हणजे मिळाले असं नाही. ते पैसे दुसऱ्याच्या खात्यात असतात आणि बँक ते स्वतःहून परत करत नाही. सोमवारी वामनराव आणि पुण्याहून आलेला मुलगा पोलीस ठाण्यात गेले. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८(४) आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमं ६६ क आणि ६६ ड लावून गुन्हा दाखल झाला. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करून गोठवलेली रक्कम मागता येते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या ४५७ खाली होत असे. पोलिसांचा अहवाल, बँकेचं पत्र आणि खात्याचा उतारा जोडला. आदेश निघून २,०३,००० परत खात्यात यायला मे महिना उजाडला.

दरम्यान कर्ज वाढत होतं. ठेवीवर सात टक्के व्याज मिळत होतं आणि ओव्हरड्राफ्टवर आठ टक्के लागत होतं. साडेचार लाखांवर महिन्याला तीन हजार. मुलाचं म्हणणं, "बाबा, ठेव मोडा आणि कर्ज मिटवा, डोक्याला ताप नको." वामनरावांनी इथे मात्र कारकुनाचं डोकं चालवलं. पाच लाखांवर महिन्याला साधारण २,९०० व्याज मिळत होतं, कर्जावर ३,००० जात होतं. थांबण्याची किंमत महिन्याला शंभर रुपयांच्या आत होती. मुदतीआधी ठेव मोडली तर व्याजाचा दर कापला जाणार होता. आणि तिसरं, हे कर्ज मी घेतलेलं नाही असं बँकेला लेखी कळवून वाद उभा केल्याशिवाय ते निमूट फेडणं त्यांना पटेना. त्यांनी अर्ज लिहिला, दोन प्रतींत, एकीवर शाखेचा आवक शिक्का घेतला. व्यवस्थापकानं शिक्का मारायला अर्धा तास लावला, पण मारला.

बँकेशी वाद कशावर आहे तेही नीट समजून घ्यायला हवं. अनधिकृत इलेक्ट्रॉनिक व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याबद्दल तेव्हा रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक लागू होतं. ग्राहकाची चूक नसेल आणि त्यानं तीन कामाच्या दिवसांत कळवलं तर त्याची जबाबदारी शून्य. पण त्यानं स्वतः गुप्त माहिती दिली असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं आणि कळवल्यानंतरचं बँकेचं. वामनरावांनी ओटीपी दिले होते, आणि पैसे गेले पाच वाजून सहाच्या आत, कळवलं सात वाजून वीसला. सरळ वाचलं तर परिपत्रक त्यांच्या विरोधात जातं, आणि बँकेनं तेच उत्तर दिलं.

मुलगा आणि वामनराव मिळून जे मांडतात ते दुसरंच आहे. त्याच परिपत्रकात असंही आहे की ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे. ६० ओलांडलेला खातेदार, आयुष्यात एकदाही इंटरनेट बँकिंग न वापरलेला. त्याच्या नावानं नवी नोंदणी होते, काही मिनिटांत ठेवीच्या नव्वद टक्के कर्ज उचललं जातं, आणि लगेच पूर्वी कधी पैसे न पाठवलेल्या तीन खात्यांत सगळी रक्कम जाते. बँकेच्या यंत्रणेला यात काहीच विचित्र दिसलं नाही का? एक फोन, चोवीस तासांची थांबवणूक, नव्या लाभार्थ्याला पहिल्या दिवशी कमी मर्यादा, असं काही लावलं होतं की नाही, आणि लावलं असेल तर ते इथे का चाललं नाही? ओटीपी दिल्याची जबाबदारी वामनराव नाकारत नाहीत. कर्ज देण्याचा निर्णय मात्र बँकेचा होता, असं ते म्हणतात. बँकेकडून तीस दिवसांत समाधानकारक उत्तर न आल्यावर त्यांनी रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार केली. तिथे ती अजून चालू आहे.

पेन्शनचं काय झालं? सोमवारी पोलीस ठाण्यातून ते थेट उपकोषागारात गेले. हयातीचा दाखला तिथेच भरता आला असता, पण सेतू केंद्रातल्या पोरानं जीवन प्रमाण आधीच करून दिलं होतं. बोटांचे ठसे आधी जुळेनात, मग चेहऱ्यावरून झालं. त्यासाठी पीपीओ क्रमांक, आधार, खाते क्रमांक आणि पेन्शन कुठल्या कार्यालयातून मिळते एवढंच लागलं. उपकोषागारातल्या त्यांच्या जुन्या शिष्यानं प्रमाण क्रमांक नोंदवून घेतला आणि पडद्यावर दाखवलं, नावासमोरची खूण बदलली. वामनरावांनी कॅलेंडरच्या मागे लिहिलेला तो पाच आकडी टोकन नंबरही दाखवला. शिष्य म्हणाला, "सर, पेन्शनधारकाले टोकन नसते ना. बिल आमचं असते, टोकनही आमचंच."

थांबलेली पेन्शन पुढच्या देयकात थकबाकीसह आली. मजुरांचे पैसे त्याआधीच सुमनबाईंनी बचत गटातून उचलून दिले होते.

मे महिन्यात परत आलेले २,०३,००० त्यांनी ओव्हरड्राफ्टमध्ये भरले. उरलेल्या कर्जावर व्याज चालू आहे, ठेवही चालू आहे. इंटरनेट बँकिंग बंद ठेवलं आहे आणि ते पुन्हा सुरू करायचं तर शाखेत प्रत्यक्ष यावं लागेल, असं लेखी देऊन घेतलं आहे. सोबत दुसरा अर्ज आहे, की ही ठेव मुदत संपल्यावर नव्यानं करताना दोघांच्या नावे आणि दोघांच्या सहीनं चालणारी करावी. अशा ठेवीवर एका मोबाईलवरच्या एका ओटीपीनं सहसा कर्ज उचलता येत नाही. त्या अर्जाच्या प्रतीवरही आवक शिक्का आहे.